देवगडची पेटी आणि गुगलवरच्या दोन ओळी

एप्रिल उजाडला की पुण्या-मुंबईतली माणसे मोबाइल हातात घेऊन ‘देवगड हापूस घरपोच’ असे काहीतरी शोधू लागतात. समोर निकालांची यादी येते. प्रत्येक निकालात वर मोठ्या अक्षरांतली एक ओळ असते आणि खाली बारीक अक्षरांत दोन-तीन ओळींचा मजकूर. आंबा कुणाचा, बाग कुठली, दर काय, यातले अजून काहीही पाहिलेले नसते. तरीही कोणत्या पानावर जायचे हे माणूस या एवढ्याच मजकुरावरून ठरवतो.

वरच्या ओळीला टायटल म्हणतात आणि खालच्या मजकुराला डिस्क्रिप्शन. दोन्ही वेबसाइटच्या मालकाला पानाच्या कोडमध्ये लिहून ठेवता येतात. आपले पान यादीत जितक्या वेळा दिसले, त्यातल्या किती वेळा लोकांनी त्यावर बोट ठेवले, याच्या टक्केवारीला क्लिक-थ्रू रेट किंवा सीटीआर म्हणतात. पान हजार वेळा दिसले आणि वीस क्लिक आले, तर सीटीआर २ टक्के.

हा आकडा वाढवण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे मोठे आश्वासन देणे. ‘फक्त’, ‘सर्वांत स्वस्त’, ‘शेवटचे काही बॉक्स’ असे शब्द घातले की क्लिक वाढतात. पण ज्याला पानावर ते सापडत नाही, तो काही सेकंदांत परत फिरतो. आकडा वाढतो, विक्री वाढत नाही. खरी वाढ होते ती नेमके लिहिल्याने. ज्याला आपल्याकडचीच वस्तू हवी आहे त्याला ‘हे माझ्यासाठी आहे’ असे कळले पाहिजे आणि ज्याला ती नको आहे त्यालाही तितक्याच स्पष्टपणे कळले पाहिजे. हे प्रत्यक्षात कसे करायचे, ते एका उदाहरणातून पाहू.

आधीचे शीर्षक

देवगड तालुक्यातला एक छोटा बागायतदार आहे असे समजा. त्याची स्वतःची कलमे आहेत. आंबा पेंढ्यात अढी घालून पिकवतो आणि पाच डझनांच्या पेट्या पुण्या-मुंबईला पाठवतो. उदाहरण कल्पित आहे आणि पुढचे आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतलेले आहेत. त्याची वेबसाइट मराठीत आहे. ती बनवून देणाऱ्याने शीर्षक मात्र असे ठेवले आहे:

```
<title>Home | Best Mango | 100% Original Hapus | Buy Hapus Online</title>
```

डिस्क्रिप्शन लिहिलेलेच नाही. या ओळीत चार चुका आहेत. पहिला शब्द वाया गेला आहे, कारण ‘होम’ शोधत कुणी येत नाही. ‘बेस्ट’ आणि ‘१०० टक्के ओरिजिनल’ प्रत्येक विक्रेता लिहितो, त्यामुळे वाचणारा ते वाचतच नाही. हापूस हा शब्द दोनदा आला आहे, पण देवगडचा पत्ता नाही. आणि पान मराठीत असताना शीर्षक रोमन लिपीत आहे.

ही शेवटची चूक मराठी वेबसाइटांवर सर्रास दिसते. पानाच्या मुख्य मजकुराची भाषा किंवा लिपी एक आणि टायटलची दुसरी असेल, तर गुगल ते टायटल बाजूला ठेवून पानावरचेच दुसरे शीर्षक उचलू शकते, असे गुगलच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सांगितले आहे. शब्दांची खोगीरभरती, जुने झालेले साल, सगळ्या पानांना एकच शीर्षक, ही कारणेही तिथे दिली आहेत. म्हणजे आपण लिहिलेले जसेच्या तसे दिसेल याची खात्री नसते. २०२१च्या ऑगस्टमध्ये गुगलने शीर्षके निवडण्याची पद्धत बदलली तेव्हा मोठी ओरड झाली. पुढच्याच महिन्यात पद्धतीत सुधारणा करून गुगलने सांगितले, की आता सुमारे ८७ टक्के वेळा पानाच्या मालकाने लिहिलेले टायटलच वापरले जाते. उरलेल्या १३ टक्क्यांत आपण येऊ नये असे वाटत असेल, तर टायटल आणि पानावरचे मोठे शीर्षक एकच गोष्ट सांगतात ना, हे आधी पाहावे.

लोक काय शोधत येतात

नवे शीर्षक सुचण्याआधी जुने आकडे वाचायला हवेत. गुगलचे सर्च कन्सोल हे साधन वेबसाइटच्या मालकाला फुकट मिळते. त्यातल्या परफॉर्मन्स अहवालात लोकांनी काय टाइप केले, आपले पान किती वेळा दिसले, किती क्लिक आले आणि यादीत ते सरासरी कितव्या जागी होते, हे सगळे पाहायला मिळते. लोकांनी मराठीत टाइप केले की रोमन अक्षरांत, हेही तिथे उघड दिसते.

आपल्या बागायतदाराचे एप्रिलमधले चार आठवडे पाहू. पान एकूण ७,००० वेळा दिसले आणि ८० क्लिक आले. सीटीआर १.१ टक्का. एवढाच आकडा पाहिला तर हताश व्हायला होते. पण शोधांची दोन गटांत विभागणी केली की चित्र बदलते.

पहिला गट ‘हापूस आंबा भाव’, ‘हापूस आजचा दर’ असे शोधणाऱ्यांचा. यांना पान ६,००० वेळा दिसले आणि ६० क्लिक आले, म्हणजे १ टक्का. दुसरा गट ‘देवगड हापूस घरपोच पुणे’ अशा शोधांचा. त्यांना ते १,००० वेळा दिसले आणि २० क्लिक आले, म्हणजे २ टक्के.

पहिल्या गटातल्या बहुतेकांना आंबा मागवायचा नाही. त्यांना बाजार समितीतला आजचा भाव हवा आहे. कुणी व्यापारी असेल, कुणी दुसरा बागायतदार. आपल्या पानावर तो भाव नाही. मग त्यांनी क्लिक केले नाही यात नुकसान काहीच नाही. उलट ते ६० जण कशासाठी आले आणि काय न मिळाल्याने परत गेले, हा विचार करण्यासारखा आहे. दुसऱ्या गटाला मात्र जे हवे तेच आपण विकतो. यादीत पाचव्या जागी दिसत असूनही तिथे शंभरात दोघेच आले. दुखणे इथे आहे.

आधी खरे काय ते मांडा

शीर्षक लिहायला बसण्याआधी कागदावर एक यादी करावी. पान उघडल्यावर पहिल्याच नजरेत माणसाला खरोखर काय मिळेल? बागायतदाराची यादी अशी होईल: बाग देवगड तालुक्यात आहे, पेटी पाच डझनांची आहे, फळ २०० ते २५० ग्रॅमचे आहे, अढीत पिकवलेले आहे, पुणे आणि मुंबई सोडून दुसरीकडे पाठवत नाही, दर आणि पाठवणीच्या तारखा पानावर आहेत.

यातली पहिली ओळ फार जपून वापरायची. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतला आंबा त्यात येतो. कर्नाटकातला आंबा हापूस म्हणून खपवला जातो, ही कोकणातल्या बागायतदारांची जुनी तक्रार आहे. ‘देवगड हापूस’ हे शब्द शोधात चालतात म्हणून राजापूरच्या बागेतल्या आंब्याच्या पानावर ते लिहिणे, हीसुद्धा त्याच जातीची फसवणूक झाली, मग आंबा कितीही गोड असो. राजापूरच्या बागायतदाराने ‘रत्नागिरी हापूस’ लिहावे. त्याला शोधणारेही भरपूर आहेत आणि ते खरे आहे.

आता यादीतून निवड करायची. जे शोधणाऱ्याच्या शब्दांशी जुळते आणि दुसऱ्या विक्रेत्यापासून आपल्याला वेगळे करते, ते टायटलमध्ये. ज्यावरून माणूस ‘चालेल’ किंवा ‘नको’ ठरवेल, ते डिस्क्रिप्शनमध्ये.

```
<title>देवगड हापूस घरपोच, पुणे-मुंबई: ५ डझनांची पेटी</title>
<meta name="description" content="देवगडच्या आमच्याच बागेतला, अढीत पिकवलेला हापूस. फळ २०० ते २५० ग्रॅम. पेटीचा दर व पाठवणीच्या तारखा पानावर. पुणे-मुंबईबाहेर पाठवत नाही.">
```

महत्त्वाचे शब्द सुरुवातीला आहेत, कारण ओळ लांबली तर शेपूट कापले जाते. पाच डझनांचा उल्लेख केल्याने एक डझन हवा असलेला माणूस इथे येणार नाही. ‘पुणे-मुंबईबाहेर पाठवत नाही’ हे वाचून नागपूरकर पुढे जाईल. हे शब्द क्लिक कमी करतात आणि ते तिथे असायलाच हवेत. नागपूरच्या माणसाने पान उघडून, पेटी निवडून, पत्ता भरून शेवटी ‘आपल्या भागात सेवा नाही’ हे वाचावे, यापेक्षा ते त्याला यादीतच कळलेले बरे.

दर मात्र मुद्दाम दोन्ही ओळींत घातलेला नाही. हापूसचा दर हंगामात आठवड्या-आठवड्याला बदलतो. गुगल आपले पान पुन्हा कधी वाचेल हे आपल्या हातात नसते. कधी दोन दिवस लागतात, कधी दोन आठवडे. आज खरा असलेला दर यादीत तसाच राहिला आणि पानावर वाढला, तर आपली इच्छा नसतानाही शोधणाऱ्याची फसगत होते. जे लवकर बदलते ते पानावर ठेवावे आणि ते पानावर आहे एवढे यादीत सांगावे.

लांबी मोजायची कशी

‘टायटल ६० अक्षरांचे आणि डिस्क्रिप्शन १६० अक्षरांचे’ हा नियम सगळीकडे वाचायला मिळतो. हे अंदाज आहेत. गुगलने स्वतः अक्षरांची मर्यादा ठरवलेली नाही; स्क्रीनवर जेवढी रुंदी आहे तेवढे दिसते आणि बाकीचे कापले जाते. अंदाजही कायम टिकत नाहीत. २०१७च्या डिसेंबरमध्ये गुगलने खालचा मजकूर सुमारे ३२० अक्षरांपर्यंत वाढवला होता. अनेकांनी आपली डिस्क्रिप्शने घाईघाईने लांबवली आणि २०१८च्या मेमध्ये तो पुन्हा १६०च्या आसपास आला.

देवनागरीत तर हा हिशेब आणखी चुकतो. ‘रत्नागिरी’ हा शब्द आपल्या लेखी चार अक्षरांचा: र, त्ना, गि, री. संगणक मात्र काना, वेलांटी आणि हलन्त यांची चिन्हेही स्वतंत्र मोजतो आणि त्याच्या हिशेबी ही नऊ होतात. उकार आणि मात्रा तर अक्षराच्या खाली-वर बसतात, रुंदीला जवळजवळ काहीच जागा घेत नाहीत. त्यामुळे इंग्रजीसाठी बनवलेले साधन मराठी शीर्षक ‘फार लांब’ म्हणून लाल दाखवते आणि प्रत्यक्षात ते पूर्ण बसलेले असते. भरवशाची तपासणी एकच: आपले पान मोबाइलवर शोधून पाहायचे आणि ओळ कुठे तुटते ते डोळ्यांनी बघायचे.

डिस्क्रिप्शनवर भरवसा किती ठेवावा

टायटलपेक्षा डिस्क्रिप्शनच्या बाबतीत गुगल जास्त मोकळेपणाने वागते. खालचा मजकूर ते मुख्यतः पानावरच्या मजकुरातूनच घेते, आणि आपले डिस्क्रिप्शन त्या शोधाला अधिक चांगले उत्तर देत असेल तर ते दाखवते. ‘अढीतला हापूस’ असे कुणी शोधले, तर पानावरचा अढीबद्दलचा परिच्छेद दिसू शकतो. ‘हापूस पेटी पुणे’ शोधले तर आपले डिस्क्रिप्शन. म्हणून डिस्क्रिप्शनमध्ये जे लिहिले ते पानाच्या पहिल्या परिच्छेदातही साध्या वाक्यांत असले पाहिजे. म्हणजे गुगलने काहीही उचलले तरी अर्थ तोच राहतो.

शोधणाऱ्याने टाइप केलेले शब्द खालच्या मजकुरात ठळक होऊन दिसतात. म्हणून तेच शब्द पुन्हा पुन्हा कोंबण्याचा मोह होतो. त्याने यादीतली जागा वर सरकत नाही. डिस्क्रिप्शन क्रमवारीसाठी वापरत नाही हे गुगलने २००९ मध्येच सांगितले आहे. डिस्क्रिप्शन माणसासाठी असते, तेव्हा ते माणसाला वाचवेल असे लिहावे.

बदलानंतरचा हिशेब

नवे टायटल लावल्यावर सर्च कन्सोलमध्ये पानाचा पत्ता टाकून ते पुन्हा वाचण्याची विनंती करता येते. यादीत नवी ओळ दिसू लागली की त्या दिवसापासून मोजायला सुरुवात करायची. कोणत्या तारखेला काय बदलले ते वहीत टिपून ठेवावे, कारण आधीचे टायटल काय होते हे सर्च कन्सोल सांगत नाही.

पुढच्या चार आठवड्यांत असे दिसले असे समजा: भाव शोधणाऱ्यांना पान पुन्हा ६,००० वेळा दिसले, पण क्लिक ६० वरून ३० वर आले. घरपोच आंबा शोधणाऱ्यांना ते पुन्हा १,००० वेळा दिसले आणि क्लिक २० वरून ५० झाले. एकूण क्लिक पूर्वीइतकेच, ८०. एकूण सीटीआरही तेवढाच, १.१ टक्का. वरवर पाहणारा म्हणेल की काहीच फरक पडला नाही. प्रत्यक्षात ज्यांच्यासाठी पान आहे त्यांच्यातला सीटीआर २ वरून ५ टक्क्यांवर गेला आणि ज्यांच्यासाठी नाही त्यांचा रिकामा हेलपाटा निम्मा झाला. पूर्वी ८० क्लिकमागे दोन पेट्या जात होत्या, आता तेवढ्याच क्लिकमागे सहा जातात. म्हणून एकूण सरासरीकडे पाहून शीर्षकाचा निकाल लावू नये.

तरीही या वाढीचे सगळे श्रेय लगेच शीर्षकाला देऊ नये. त्याच दिवसांत यादीतली जागा पाचवरून तिसरी झाली असेल, तर क्लिक त्यामुळेही वाढतात. सरासरी जागा दोन्ही वेळा जवळजवळ तीच होती ना, हे आधी पाहावे. दुसरे कारण हंगाम. अक्षय्य तृतीयेच्या आधी मागणी चढते, तेव्हा मार्चची तुलना एप्रिलशी करणे चुकीचे. सर्च कन्सोल १६ महिन्यांची माहिती ठेवते, त्यामुळे मागच्या एप्रिलशी या एप्रिलची तुलना करता येते. शिवाय याच वेबसाइटवर कोकमाचे किंवा काजूचे पान असेल आणि त्याचे शीर्षक बदललेले नसेल, तर तिथला सीटीआर तेवढाच राहिला का, हेही पाहावे. आणि आकडे छोटे असतील तर थांबावे. वीसाचे तेवीस क्लिक झाले याला वाढ म्हणता येत नाही.

आमिषाचा हिशेब

आता समजा, बागायतदाराला कुणी सल्ला दिला: ‘देवगड हापूस फक्त ४९९ रुपये डझन’ असे लिहा. पानावर त्या दरात अगदी लहान फळ आहे आणि तेही संपलेले आहे. घरपोच शोधणाऱ्या हजारांतून आता ९० क्लिक येतात. सीटीआर ९ टक्के, म्हणजे आपल्या खऱ्या शीर्षकाच्या जवळजवळ दुप्पट. पण पानावर मोठ्या फळाचा खरा दर पाहून बहुतेक जण परततात आणि पेट्या जातात दोनच. सर्च कन्सोलमध्ये हे यश दिसते, कारण तो अहवाल क्लिकपाशी संपतो. क्लिकनंतर काय झाले हे कळायला ऑर्डरची वही शेजारी ठेवावी लागते. क्लिक वाढले आणि क्लिकमागच्या ऑर्डरी घटल्या, ‘यादीत वेगळे लिहिले होते’ असे फोन येऊ लागले, तर शीर्षक खोटे बोलते आहे असे खुशाल समजावे.

यात कायद्याचाही भाग आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये जाहिरातीची जी व्याख्या आहे, तिच्यात इंटरनेट आणि वेबसाइटवरचा प्रचारही येतो. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत आमिषाच्या जाहिरातींचा वेगळा विचार आहे: जो दर जाहीर केला, त्या दरात वस्तू पुरवता येईल अशी वाजवी शक्यता असली पाहिजे, आणि साठा मर्यादित असेल तर तसे सांगितले पाहिजे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी कायद्यात १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मोबाइलच्या यादीतली एक ओळ लहान दिसते, पण ती वाचूनच ग्राहक पैसे खर्चायला निघालेला असतो.

हंगाम संपल्यावर

सर्वांत जास्त वेळा राहून जाणारे काम जूनमधले. पाऊस सुरू होतो, शेवटची पेटी गेलेली असते, बागायतदार दुसऱ्या कामाला लागतो आणि यादीत मात्र ‘देवगड हापूस घरपोच’ तसेच दिसत राहते. एप्रिलमध्ये खरी असलेली ओळ जूनमध्ये खोटी होते. पान काढून टाकू नये आणि त्याचा पत्ताही बदलू नये, कारण वर्षभरात मिळवलेली जागा त्या पत्त्याला मिळालेली असते. फक्त टायटल आणि पहिला परिच्छेद बदलावा: ‘देवगड हापूस: यंदाचा हंगाम संपला, पुढची नोंदणी मार्चपासून’. क्लिक घटतील, ते घटू द्यावेत. जे येतील ते पुढच्या हंगामासाठी नाव नोंदवणारे असतील, आणि मार्चमध्ये पहिल्या पेट्या त्यांनाच पाठवता येतील.